ट्रॅक्टरची धडक झाली तर विमा कोणाचे काय भरून देतो?



गाळप हंगामाच्या तोंडावर तोडणी-वाहतुकीचे करार सुरू झाले की शेतकी खात्यात ट्रॅक्टरच्या कागदपत्रांचे ढीग पडतात. आम्ही विचारतो, "दादा, विमा आहे का?" उत्तर ठरलेले असते. "आहे की, फुल विमा आहे. शोरूमवाल्यानेच काढून दिलाय." मग आम्ही पॉलिसीचे पान उलगडतो. पुष्कळदा वर 'लायबिलिटी ओन्ली' एवढेच छापलेले असते. म्हणजे विमा आहे, पण तो ट्रॅक्टरचा नाही. तो ट्रॅक्टर ज्याला धडकेल त्याच्यासाठी आहे. हा फरक धडक होईपर्यंत कोणाच्या ध्यानात येत नाही आणि धडक झाल्यावर ध्यानात येऊन उपयोग नसतो. म्हणून या अंकात एकच धडक घेऊन ती शेवटपर्यंत सोडवून दाखवण्याचे आम्ही ठरवले आहे.

प्रथम दोन्ही विम्यांची मुळे पाहू. थर्ड पार्टी विमा हा कायद्याने सक्तीचा आहे. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 146 प्रमाणे हा विमा नसताना वाहन सार्वजनिक रस्त्यावर आणताच येत नाही. पहिला पक्ष म्हणजे वाहनमालक, दुसरा पक्ष विमा कंपनी आणि तिसरा म्हणजे या दोघांशी काहीही देणेघेणे नसलेला, रस्त्याने आपल्या वाटेने चाललेला माणूस. त्या तिसऱ्याचे नुकसान झाले आणि मालकाकडे द्यायला काही नसले तर त्याने कोणाच्या तोंडाकडे पाहायचे? या प्रश्नातून हा विमा जन्मला. त्याचा हप्ता सरकार ठरवते, म्हणून तो सर्व कंपन्यांकडे सारखाच असतो. त्यात घासाघीस करण्यात अर्थ नाही.

दुसरा विमा आपल्या स्वतःच्या वाहनाच्या नुकसानीचा. त्याला कंपनीवाले 'ओन डॅमेज' म्हणतात. हा कायद्याने सक्तीचा नाही, मात्र कर्जावर ट्रॅक्टर घेतला असेल तर बँक तो मागतेच. थर्ड पार्टी आणि ओन डॅमेज एकत्र बांधले की ती कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसी झाली. कागदावर तिला आता 'पॅकेज पॉलिसी' म्हणतात आणि आपल्या बोलण्यात ती 'फुल विमा' असते. म्हणजे फुल विम्यात थर्ड पार्टी आहेच, पण थर्ड पार्टीत फुल विमा नाही.

धडक

आता अशी कल्पना करा. डिसेंबरची रात्र आहे, नऊचा सुमार. तेलगाव-माजलगाव रस्त्याने एक ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या भरून कारखान्याकडे निघाला आहे. ट्रॅक्टर आपल्या एका सभासदाचा, चालवणारा पगारी ड्रायव्हर. टोळीतला एक मजूर दुसऱ्या ट्रॉलीवर उसाच्या मोळ्यांवर बसला आहे, कारण फडावरून कोपीपर्यंत चालत जायचा कंटाळा. पुढे उसाचीच एक बैलगाडी चालली आहे. तिला कंदील नाही की मागे चमकपट्टी नाही. समोरून मोटारसायकल आली, तिच्या दिव्याने ड्रायव्हरचे डोळे दिपले, बैलगाडी अगदी जवळ आल्यावर दिसली. ट्रॅक्टर उजवीकडे काढला, तो मोटारसायकलला लागला. पुन्हा डावीकडे ओढला, तर मागच्या ट्रॉल्यांचा झोक आवरला नाही. पुढची ट्रॉली गाडीवर गेली, मागची उलटली.

पहाटेपर्यंत हिशोब असा झाला. मोटारसायकलस्वाराचा पाय मोडला आणि गाडी चेपली. गाडीवान जखमी झाला, एक बैल दगावला. ट्रॉलीवरचा मजूर उसाखाली सापडला. ड्रायव्हरला मार लागला. ट्रॅक्टरचा पुढचा भाग गेला, आणि उलटलेल्या ट्रॉलीतला ऊस रस्त्यावर पसरला.

विमा एकच, पण या प्रत्येकाचे उत्तर वेगळे आहे.

जे रस्त्यावर होते ते

मोटारसायकलस्वार आणि गाडीवान हे दोघे सरळसरळ तिसरा पक्ष. मालकाकडे नुसता थर्ड पार्टी विमा असला तरी यांची भरपाई विमा कंपनीने द्यायची. माणसाला झालेली इजा किंवा मृत्यू यासाठी या विम्याला रकमेची वरची मर्यादा नाही. न्यायाधिकरण जेवढी भरपाई ठरवील तेवढी कंपनीने द्यायची. ही मर्यादा नसणे किती मोलाचे आहे ते आकड्यांशिवाय कळत नाही. म्हणून थोडे कठीण बोलतो. समजा मोटारसायकलस्वार वाचला नाही. वय 28, महिन्याची कमाई 12,000 रुपये, मागे बायको, दोन मुले, आई-वडील.

सर्वोच्च न्यायालयाने 2009 च्या सरला वर्मा आणि 2017 च्या प्रणय सेठी या निकालांत भरपाईची रीत घालून दिली आहे. चाळिशीच्या आतला, स्वतःचा धंदा किंवा मोलमजुरी करणारा माणूस असेल तर पुढे वाढणाऱ्या कमाईसाठी 40 टक्के मिळवतात, म्हणजे 16,800 रुपये झाले. त्यातून तो स्वतःवर खर्च करी तो भाग वजा करतात. घरात अवलंबून असणारे चार ते सहा असतील तर तो चौथा हिस्सा धरतात. उरले महिना 12,600, वर्षाचे 1,51,200. मग वयाप्रमाणे ठरलेल्या आकड्याने गुणतात. 26 ते 30 वयाला तो 17 आहे. गुणाकार होतो 25,70,400 रुपये. अंत्यविधी वगैरेंची रक्कम यावर निराळी, आणि व्याज निराळे.

आता मला सांगा, विमा नसता तर हे पंचवीस-सव्वीस लाख कोठून आले असते? ऊस विकून येत नाहीत. जमीनच विकावी लागते. ज्या सभासदाला थर्ड पार्टीचा हप्ता डोईजड वाटतो त्याने हा गुणाकार एकदा स्वतःच्या हाताने करून पाहावा.

गाडीवानाच्या बाबतीत कंपनीचा वकील एक मुद्दा हमखास काढील. गाडीला मागे दिवा किंवा चमकपट्टी नव्हती, म्हणजे चूक त्याचीही थोडी होती. न्यायाधिकरणाला पटले तर त्याच्या चुकीच्या प्रमाणात भरपाई कमी होते. चूक कोणाची या वादात पडायचे नसेल तर जखमीला कलम 164 खाली अर्ज करता येतो. तेथे चूक शाबीत करावी लागत नाही, पण रक्कमही ठरलेली मिळते. मृत्यूला 5 लाख, गंभीर दुखापतीला अडीच लाख. एकदा ती वाट धरली की दुसरी बंद होते, म्हणून वकिलाला विचारूनच ठरवावे. अर्ज बीड किंवा अंबाजोगाईच्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात करता येतो. 1 एप्रिल 2022 पासून कायद्यात अपघातानंतर सहा महिन्यांच्या आत अर्ज करण्याची तरतूद आली आहे, तेव्हा 'हंगाम संपल्यावर बघू' असे म्हणू नये.

राहिला बैल. बैल, गाडी आणि मोटारसायकल ही तिसऱ्याची मालमत्ता. तिची भरपाईही थर्ड पार्टी विम्यातूनच मिळते. मात्र मालमत्तेला मर्यादा आहे. ट्रॅक्टरसारख्या वाहनाला ती साधारणतः साडेसात लाख रुपये असते. पण हप्ता थोडा कमी व्हावा म्हणून ती 6,000 रुपयांवर आणण्याची सोय पॉलिसीत असते, आणि विमा काढून देणारा कधीकधी न सांगताच ती लावून मोकळा होतो. चांगल्या बैलाची किंमत काय असते हे आम्ही तुम्हांला सांगायला नको. पॉलिसीवर 'टीपीपीडी' अशी अक्षरे शोधा. त्यापुढे 6,000 असेल तर वरचे सगळे पैसे मालकाच्या खिशातले.

जो ट्रॉलीवर बसला होता तो

या लेखाचे खरे दुखणे येथे आहे. ट्रॉलीवर बसलेला मजूर रस्त्याने चाललेला तिसरा माणूस नव्हे. तो आपल्याच वाहनात होता. शेतीच्या ट्रॅक्टरला एकच बैठक असते, ती ड्रायव्हरची. मडगार्डवर बसणारा आणि उसावर बसणारा, दोघांनाही कायद्याच्या नजरेत तेथे जागाच नाही.

असेच एक प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. ओरिएंटल इन्शुरन्स विरुद्ध ब्रिजमोहन, निकाल 2007 चा. ट्रॅक्टरला जोडलेल्या ट्रॉलीवरचा मजूर जखमी झाला होता. ट्रॅक्टर शेतीच्या वापरासाठी विमा उतरवलेला, ट्रॉलीचा विमा नव्हता. न्यायालयाने सांगितले की कंपनीची जबाबदारी येत नाही. तरी गरीब मजूर मोकळ्या हाताने जाऊ नये म्हणून न्यायालयाने आपल्या खास अधिकारात हुकूम दिला की कंपनीने आधी मजुराला पैसे द्यावेत आणि मग ते ट्रॅक्टरमालकाकडून वसूल करावेत. मजुराचे त्यात भले झाले. मालकाच्या डोक्यावर मात्र विमा असून नसल्यासारखे ओझे आले. 'आधी द्या, मग वसूल करा' हा शब्दप्रयोग निकालपत्रात दिसला की मालकाने समजावे, आपला सातबारा आता निर्धास्त नाही.

आमच्या ओळखीच्या एका वाहतूकदाराने हे भोगले आहे. त्याची ट्रॉली उलटली, वर बसलेल्या बाईला कायमचे अपंगत्व आले. कंपनीने पैसे भरले तेव्हा त्याला वाटले, सुटलो. पुढे वसुलीची नोटीस आली तेव्हा तो आमच्याकडे आला. "साहेब, मी हप्ता चुकवला नव्हता हो." खरेच चुकवला नव्हता. पण ट्रॉलीला नंबर नव्हता आणि पॉलिसीत ट्रॉलीचा उल्लेखच नव्हता. आम्ही दोन-तीन वेळा कागद चाळले, काही निघाले नाही.

येथे दोन गोष्टी निरनिराळ्या आहेत आणि त्यांची गल्लत होते. ट्रॉली हे कायद्याने वेगळे वाहन आहे. तिची नोंदणी वेगळी आणि पॉलिसीतही तिचा नंबर, किंमत आणि हप्ता वेगळा दिसला पाहिजे. दोन ट्रॉल्या असतील तर दोन्हींचा. ही झाली पहिली गोष्ट, आणि तिने रस्त्यावरच्या माणसाचे काम होते. पण ट्रॉलीचा विमा असला म्हणून वर माणसे बसवण्याची परवानगी मिळत नाही, ही दुसरी. फुल विमा काढूनही ती मिळत नाही. पॅकेज पॉलिसीतला जास्तीचा हप्ता तुमच्या लोखंडासाठी आहे, उसावर बसलेल्या माणसासाठी नाही. मजुरांची ने-आण निराळ्या, माणसे वाहण्याच्या वाहनातून करणे एवढाच त्यावर इलाज आहे. महाग पडतो, हे आम्हांलाही ठाऊक आहे.

पगारी ड्रायव्हरचे तसे नाही. वाहन चालवणाऱ्या नोकराच्या नुकसानभरपाईची जबाबदारी थर्ड पार्टी विम्यातच येते. मालक स्वतः चालवीत असेल तर मात्र तो आपल्याच विम्यात तिसरा पक्ष होऊ शकत नाही. त्याच्यासाठी 'मालक-चालक वैयक्तिक अपघात' नावाचा वेगळा भाग असतो. 2018 पासून ती रक्कम 15 लाख रुपये आहे. ट्रॅक्टर मालकाच्या नावावर हवा आणि त्याच्याजवळ चालू लायसन्स हवे, या त्याच्या अटी आहेत. बापाच्या नावावरचा ट्रॅक्टर मुलगा चालवतो तेव्हा हा भाग मुलाच्या उपयोगी पडत नाही. आपल्याकडे तर बहुतेक घरांत असेच असते.

आपला ट्रॅक्टर

आता पुढचा भाग गेलेल्या ट्रॅक्टरकडे वळू. नुसता थर्ड पार्टी असेल तर येथे एक पैसाही नाही, विषय संपला. फुल विमा असेल तर पैसे आहेत, पण बिलाइतके नाहीत.

ट्रॅक्टर अडीच वर्षांचा धरू. घेताना किंमत 8 लाख होती. दोन ते तीन वर्षांच्या वाहनाला नव्याच्या किमतीतून 30 टक्के घट धरतात, म्हणजे पॉलिसीतली किंमत, जिला 'आयडीव्ही' म्हणतात, ती 5,60,000. दुरुस्तीचा खर्च या किमतीच्या 75 टक्क्यांवर, म्हणजे 4,20,000 वर गेला तर वाहन पुरते गेले असे धरून आयडीव्हीप्रमाणे हिशोब होतो. आपल्या ट्रॅक्टरचे बिल तेवढे नाही. ते असे आले: पुढचा आस, स्टिअरिंग, रेडिएटर वगैरे धातूचे भाग 80,000 रुपये. बॅटरी आणि रबरी नळ्या 12,000. बॉनेट, दिवे, मडगार्ड आणि रंग 18,000. मजुरी 15,000. एकूण 1,25,000.

धातूच्या भागांवर वयाप्रमाणे घसारा कापतात. या वयाला 15 टक्के, म्हणून 68,000 मिळतील. रबर, प्लॅस्टिक, बॅटरी यांवर वय काहीही असो, निम्मे कापतात. मिळतील 6,000. मजुरी पूर्ण मिळेल, 15,000. बॉनेट, दिवे, मडगार्ड, रंग यांचे शून्य. का? तर धंद्याच्या वाहनांच्या वर्गात हे भाग किरकोळ नुकसानीत मुळातच वगळलेले असतात. थोडा जादा हप्ता भरून ते आत घेता येतात. त्या कलमाला 'आयएमटी 23' म्हणतात. पॉलिसी काढताना हे नाव घेऊन विचारा, कारण आपण होऊन कोणी सांगत नाही. शेवटी पॉलिसीत लिहिलेली सक्तीची वजावट, ती 2,000 धरू. हाती येतात 87,000. सव्वा लाखातले 38,000 मालकाचे गेले. फुल विमा म्हणजे सगळे फुल नव्हे, ते असे.

आणि रस्त्यावर पसरलेला ऊस? तो दोन्हीत नाही. आपल्या वाहनातला, आपल्या ताब्यातला माल हा थर्ड पार्टीची मालमत्ता धरत नाहीत, मग तो ऊस शेजारच्या सभासदाचा का असेना. ओन डॅमेजमध्ये वाहन येते, त्यावरचा माल येत नाही. तो तोटा कोणी सोसायचा हे वाहतूक करारात पाहावे.

एकच चूक, दोन निकाल

दोन्ही विम्यांचा स्वभाव सर्वांत स्पष्ट दिसतो तो मालकाची चूक असते तेव्हा. समजा त्या रात्री ड्रायव्हरकडे लायसन्सच नव्हते. ओन डॅमेजचा दावा कंपनी नाकारील, आणि बहुधा तो नाकारलेलाच राहील, कारण तो तुमचा-तिचा करार आहे आणि करार तुम्ही मोडला. पण मोडलेल्या पायाच्या मोटारसायकलस्वाराने कोणताच करार मोडलेला नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2004 च्या स्वर्णसिंग निकालात हेच सांगितले, की अशा वेळी कंपनीने तिसऱ्याचे पैसे द्यावेत आणि मालकाची कसूर शाबीत झाली तर त्याच्याकडून वसूल करावेत. जखमीचे नुकसान होत नाही. मालकाचे दोन्हीकडून होते.

वापराचेही असेच आहे. 'शेतीसाठी' म्हणून नोंदलेला आणि विमा उतरवलेला ट्रॅक्टर दुसऱ्याचा ऊस भाड्याने ओढत असेल तर कंपनी त्यावर बोट ठेवते. स्वतःच्या शेतातला ऊस कारखान्यावर आणणे वेगळे आणि हंगामभर वाहतुकीचा करार घेणे वेगळे. जे करणार असाल तेच नोंदणीत आणि पॉलिसीत लिहवून घ्या. हप्ता वाढेल तो वाढू द्या.

धडकेनंतरच्या पहिल्या दिवशी माणसे जे करतात त्यावरही बरेच अवलंबून असते. रस्ता मोकळा करायच्या घाईत ट्रॅक्टर ओढून गॅरेजला नेतात, मिस्त्री इंजिन उघडून बसतो, आणि कंपनीला फोन तिसऱ्या दिवशी जातो. सर्व्हेअरला मग कोणते नुकसान धडकेचे आणि कोणते जुने हे ओळखता येत नाही, आणि तो संशय धरतो. पोलिसांना व कंपनीला त्याच रात्री कळवावे, जागेवर फोटो काढावेत, पंचनाम्याची नक्कल घ्यावी आणि सर्व्हेअरने पाहिल्याशिवाय एक नटही सैल करू नये. गावात बसून 'आपसात मिटवण्या'ची रीतही येथे अंगाशी येते. कंपनीच्या लेखी संमतीशिवाय मालकाने चूक कबूल करणे किंवा रक्कम ठरवणे हे पॉलिसीच्या अटींविरुद्ध आहे. जखमीला दवाखान्यात न्या, माणुसकीने खर्चाला हात लावा, पण स्टँपपेपर करू नका.

पुढे न्यायाधिकरणाची नोटीस येईल. 'कंपनी बघून घेईल' म्हणून ती उतरंडीत ठेवून देणारे सभासद आम्ही पाहिले आहेत. कंपनी बघते, पण स्वतःपुरते. ड्रायव्हरचे लायसन्स, ट्रॉलीचे कागद, वापराचा पुरावा हे मालकाने हजर राहून दिले नाहीत तर वसुलीचा हुकूम त्याच्या गैरहजेरीत होऊन जातो.

जुना ट्रॅक्टर घेता-देताना

हंगाम संपला की ट्रॅक्टर विकले जातात, म्हणून एवढे सांगून थांबतो. वाहन विकले की थर्ड पार्टीचा भाग कलम 157 प्रमाणे आपोआप नव्या मालकाच्या नावे गेला असे धरतात. ओन डॅमेजचा भाग तसा जात नाही. सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये कम्प्लीट इन्सुलेशन्सच्या प्रकरणात हे स्पष्ट केले आहे. म्हणजे फुल विम्याचा ट्रॅक्टर घेतला, पॉलिसी जुन्याच नावावर राहिली आणि धडक झाली, तर समोरच्याला पैसे मिळतील, तुमच्या ट्रॅक्टरला मिळणार नाहीत. पॉलिसीत नाव बदलण्यासाठी चौदा दिवसांच्या आत अर्ज करायचा असतो.

विकणाऱ्याचा धोका त्याहून मोठा आहे. पैसे मोजून घेतले, ट्रॅक्टर दिला, पण आरसी बुक आपल्याच नावावर राहिले, तर कायद्याच्या लेखी मालक तुम्हीच. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या 2018 च्या निकालात वाहन हातोहात पुढे विकले गेले होते, तरी जबाबदारी आरसी बुकात नाव असलेल्यावरच आली. घेणाऱ्याने विमा चालू ठेवला नाही आणि तेलगावच्या रस्त्यावर वर सांगितल्यासारखी रात्र उगवली, तर ते 25,70,400 रुपये ज्याने ट्रॅक्टर कधीच देऊन टाकला त्याच्या नावे लागतील. तेव्हा नमुना 29 आणि 30 वर दोघांच्या सह्या करून ते बीडच्या किंवा अंबाजोगाईच्या परिवहन कार्यालयात स्वतः दाखल करा, पोच घ्या, आणि आरसीवर नवे नाव चढल्याचे डोळ्यांनी पाहा.